सरासरी युनिटांचे वीजबिल पुन्हा पुन्हा येत असेल तर: कच्च्या टिपणांतून तक्रार-अर्ज कसा तयार करावा

वीजबिलातली चूक एकदा दुरुस्त होते आणि थोड्याच महिन्यांत तीच चूक परत दिसते, तेव्हा बहुतेक वेळा दुरुस्ती फक्त त्या बिलाच्या रकमेत झालेली असते आणि चुकीचे मूळ कार्यालयाच्या नोंदीत तसेच राहिलेले असते. वाड्यावरची आणि शेजारच्या गावांतली अशी बिले गेली अनेक वर्षे अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे येत आहेत. त्यांत सर्वांत अधिक वेळा येणारा आणि सर्वांत चिवट दोष एकच आहे: मीटरचे प्रत्यक्ष रीडिंग न धरता सरासरी युनिटांवर काढलेले बिल, आणि त्या सरासरीमुळेच पुढचे खरे रीडिंगही नाकारले जाणे. पुढे लिहिलेले सर्व या एकाच दोषाविषयी आहे. आपली अडचण वेगळी असेल, म्हणजे भरलेली रक्कम जमाच झालेली नसेल किंवा घरगुती जोडणीला व्यापारी दर लागला असेल, तर अर्जाची रचना येथील उपयोगी पडेल, पण तपासण्या वेगळ्या कराव्या लागतील.

लक्षणे

लागोपाठच्या बिलांत युनिटांचा आकडा अगदी तोच असणे हे या दोषाचे पहिले आणि सर्वांत स्पष्ट लक्षण होय. माणसांच्या घरात दोन महिने सारख्याच युनिटांचा वापर योगायोगाने होऊ शकतो, पण तीन महिने तसा होत नाही. दुसरे लक्षण रीडिंगजवळच्या शेऱ्यात सापडते. तेथे घर बंद असल्याचा, रीडिंग मिळाले नसल्याचा किंवा मीटर सदोष असल्याचा उल्लेख, पुष्कळदा नुसत्या संक्षेपाने, केलेला असतो आणि बहुतेक लोक रकमेकडे पाहताना तो वाचायचा सोडून देतात. तिसरे लक्षण घरातल्या मीटरपाशी गेल्यावर कळते, ते असे की मीटरवरचा आकडा बिलात छापलेल्या चालू रीडिंगपेक्षा कमी असतो. मीटर उलटा फिरत नसल्यामुळे, बिल हातात पडल्यानंतर पाहिलेला आकडा बिलातल्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर बिलातला आकडा मीटरवरून घेतलेला नाही, एवढे निश्चित समजावे.

चौथे लक्षण खिडकीवरच्या उत्तरात असते. "पुढच्या रीडिंगला आपोआप जुळून येईल" असे सांगितले जाते आणि ते जुळत नाही. सरासरी खऱ्या वापरापेक्षा कमी धरलेली असेल, तर पुढच्या खऱ्या रीडिंगला फरक खरोखरच भरून निघतो, फक्त त्या महिन्याचे बिल मोठे येते. परंतु सरासरी खऱ्या वापरापेक्षा जास्त असेल, तर बिलातले रीडिंग मीटरच्या पुढे निघून जाते. मग रीडर येऊन खरा आकडा टिपतो तेव्हा तो 'मागील रीडिंग'पेक्षा लहान ठरतो, वजाबाकी ऋण येते, ती नोंद स्वीकारली जात नाही आणि पुन्हा सरासरीचेच बिल निघते. अंतर दर महिन्याला वाढत जाते. आपोआप जुळण्याची वाट पाहणे या प्रकारात निरुपयोगी आहे, आणि अर्जात नेमकी हीच गोष्ट मांडावी लागते.

गोव्यात हा प्रकार विशेष आढळतो, कारण मुले मुंबई-पुण्याला किंवा आखातात गेलेली आणि मोठ्या घरात एखादे वृद्ध माणूस राहिलेले, असे चित्र गावोगाव आहे. सरासरी जुन्या भरलेल्या घराची असते आणि वापर आता एकट्या माणसाचा असतो.

पहिली तपासणी: बिले एकाखाली एक मांडणे

या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि ती घरबसल्या होते, म्हणून ती आधी करावी. शेवटचे निःसंशय खरे बिल शोधावे, म्हणजे ज्यात शेरा नाही आणि युनिटांचा आकडा आगे-मागे जुळणारा आहे असे बिल, आणि तेथून पुढची सर्व बिले क्रमाने मांडावीत. प्रत्येक बिलातले मागील रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, शेरा आणि बिलाची तारीख एका कागदावर उतरवून घ्यावी. या महिन्याचे मागील रीडिंग आणि गेल्या महिन्याचे चालू रीडिंग एकच असले पाहिजे. ही साखळी मध्येच तुटलेली दिसली, तर आपला दोष सरासरीचा नसून नोंदीतल्या आकड्याचा किंवा मीटर बदलल्याचा असू शकतो, आणि अर्जात तो महिना वेगळा दाखवावा लागतो.

त्याच बैठकीत पैसे भरल्याच्या पावत्याही शेजारी ठेवाव्यात. बिलातील थकबाकी पावत्यांशी जुळत नसेल, तर तो मुद्दा अर्जात स्वतंत्र परिच्छेदात घ्यावा. दोन तक्रारी एकाच वाक्यात गुंफल्या की कार्यालय सोपी तक्रार सोडवते आणि अर्ज निकाली काढते.

दुसरी तपासणी: मीटरपाशी

मीटरच्या तोंडावर कोरलेला क्रमांक बिलातील मीटर क्रमांकाशी अंकाअंकाने ताडून पाहावा. एका घराच्या वाटण्या होऊन सोप्यावर एकाच फळीवर दोन-तीन मीटर बसलेले असतात, तेथे ही तपासणी टाळू नये. क्रमांकच जुळत नसतील तर सरासरीचा सारा हिशेब बाजूला ठेवून आधी तीच बाब लेखी कळवावी.

क्रमांक जुळला की रीडिंगचा फोटो घ्यावा. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, दाब, कमाल मागणी असे आकडे आळीपाळीने येतात. बिलासाठी लागतो तो शेजारी kWh असे लिहून येणारा एकूण वापराचा आकडा. चुकीच्या पडद्याचा फोटो जोडलेले अर्ज मी पाहिले आहेत आणि अशा अर्जात बाकीचे सगळे खरे असूनही तो परत येतो. फोटोत मीटरचा क्रमांकही दिसेल असे अंतर ठेवावे. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी असाच दुसरा फोटो घ्यावा. एका फोटोने फक्त आकडा सिद्ध होतो. दोन फोटोंनी मीटर चालू आहे हे सिद्ध होते आणि खऱ्या वापराचा वेगही हाती येतो. बिलावर मीटर सदोष असल्याचा शेरा असेल, तर त्याला उत्तर या दुसऱ्या फोटोनेच देता येते.

तिसरी तपासणी: मुख्य स्विच बंद करून

घरातला मुख्य स्विच बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा काही मिनिटे पाहावा. घरात विजेचा वापर शून्य असताना तो लुकलुकत राहिला, तर आपल्या मीटरवर दुसरे कोणाचे तरी जोडकाम आहे किंवा मीटर आणि स्विच यांच्या दरम्यान कोठेतरी गळती आहे, अशी शक्यता धरावी लागते. येथे स्वतःची तपासणी थांबवावी. मीटरचे सील, त्याचे झाकण किंवा खांबावरून येणारी तार यांना हात लावू नये. त्यात जिवाला धोका आहे, आणि सील तुटलेले आढळल्यास साधी बिलाची तक्रार वीजचोरीच्या आरोपापर्यंत जाऊ शकते. परवानाधारक वायरमनला बोलवावे आणि त्याने काय पाहिले ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. दिवा लुकलुकायचा थांबला, तर मीटरपासून मुख्य स्विचपर्यंतची बाजू ठीक आहे असे समजून हिशेबाकडे वळावे.

चौथी तपासणी: युनिटांचा हिशेब

ही थोडी कष्टाची आहे, पण अर्जाचे खरे बळ हिच्यात असते. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचा मुलगा फेब्रुवारीत कुटुंबासह पुण्याला गेला. मार्चच्या बिलापर्यंत सर्व ठीक होते आणि त्यातले चालू रीडिंग 8412 होते. एप्रिल, मे, जून आणि जुलै या चारही बिलांत 186 युनिट लागले. त्यांपैकी पहिल्या दोन बिलांवर घर बंद असल्याचा आणि नंतरच्या दोन बिलांवर मीटर सदोष असल्याचा शेरा होता. जुलैच्या बिलातील चालू रीडिंग 9156 छापलेले होते आणि 4 जुलैला मीटरवर प्रत्यक्षात 8716 होते.

म्हणजे चार महिन्यांचा खरा वापर 8716 उणे 8412, अर्थात 304 युनिट होता आणि आकारणी 744 युनिटांची झाली होती. जादा लागलेले युनिट 440. एकट्या माणसाचा वापर महिन्याला सरासरी 76 युनिट पडत होता आणि बिलातले अंतर दर महिन्याला 110 युनिटांनी वाढत होते. जूनमध्ये रीडर येऊन गेला होता, तरी बिल सरासरीचेच निघाले, याचे कारणही येथे दिसते: त्याला मिळालेला आकडा मेच्या बिलातील 8784 पेक्षा लहान होता.

आता टप्प्यांचा भाग पाहा. घरगुती दराचे टप्पे शंभर-शंभर युनिटांचे आहेत आणि वरच्या टप्प्याचा दर अधिक असतो. काकूंच्या 76 युनिटांचा सारा वापर पहिल्याच टप्प्यात बसतो. 186 युनिटांच्या बिलात मात्र 86 युनिट दुसऱ्या टप्प्याच्या दराने लागतात. चार महिन्यांत असे 344 युनिट झाले. जादाच्या 440 युनिटांपैकी उरलेले 96 तेवढे पहिल्या टप्प्यातले. कार्यालयाने "440 युनिट पुढच्या बिलांतून वळते करू" असे म्हटले आणि ग्राहकाने ते मान्य केले, तर वळते होणारे युनिट पुढच्या महिन्यांत पहिल्या टप्प्याच्या दराने वजा होतात, कारण काकूंचा वापर त्या टप्प्याच्या वर जातच नाही. दुसऱ्या टप्प्याने भरलेला फरक परत मिळत नाही. शिवाय 440 युनिट भरून निघायला याच वेगाने जवळजवळ सहा महिने लागतात. म्हणून मागणी युनिट वळते करण्याची कधीही करू नये. चारही बिले रद्द करून महिनावार नव्याने काढावीत, अशीच मागणी करावी.

याच्या उलट प्रकारातही, म्हणजे सरासरी कमी धरून नंतर एकदम मोठे बिल आले असेल तेव्हा, मागणी हीच राहते. चार महिन्यांचा वापर एका महिन्यात मोजला की तो विनाकारण वरच्या टप्प्यांत जातो, आणि तो चार महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ मिळणे हा ग्राहकाचा न्याय्य आग्रह आहे.

टिपणे आणि त्यांची निवड

काकूंनी आणलेला कागद जसाच्या तसा देतो, कारण बहुतेकांची टिपणे अशीच असतात:

"बिल परत जास्त. मी एकटीच, एवढी वीज कुठली. एप्रिल-मेला घर बंद लिहिलंय, तेव्हा मी मडगावला लेकीकडे होते. जूनला रीडर आला होता, सोप्यावर येऊन मीटर बघून गेला. तरी तेच 186. आता मीटर खराब म्हणतात, मीटर तर चालतोय. खिडकीवर सांगितलं पुढच्या महिन्यात होईल. कोणीतरी मुद्दाम करतंय. तीन बिलं भरली, पावत्या आहेत. जुलैचं भरलं नाही. मीटर बदलून द्या."

या टिपणांतली वाक्ये चार प्रकारची आहेत. काही कागदावर छापलेली आहेत, काही मीटरवर कोणालाही पाहता येतात, काही काकूंच्या आठवणीतली आहेत आणि काही त्यांचा संशय आहेत. अर्जाचा कणा पहिल्या दोन प्रकारांनी बनवावा. आठवणीतली गोष्ट फक्त तिसऱ्या कोणाच्या नोंदीने पडताळता येत असेल तरच घ्यावी. रीडर जूनमध्ये येऊन गेला ही तशी गोष्ट आहे, कारण त्या भेटीची नोंद कार्यालयाकडे असू शकते. संशय पूर्ण वगळावा. "मुद्दाम" हा एक शब्द अर्जात गेला की वाचणारा कर्मचारी हिशेब सोडून स्वतःचा बचाव लिहू लागतो. काकूंचा राग समजण्यासारखा होता आणि तो मी त्यांच्याजवळ बसून पूर्ण ऐकला, पण कागदावर घेतला नाही.

एप्रिल-मेला घर बंद होते ही गोष्ट आपल्या विरुद्ध जाईल अशी भीती काकूंना होती. ती लपवू नये. ती मान्य केल्याने पहिल्या दोन बिलांचे कारण स्पष्ट होते आणि पुढच्या दोन बिलांना तेच कारण लागू नाही, हे अधिक ठळकपणे दिसते.

शेवटची मागणी, मीटर बदलण्याची, सर्वांत घातक होती. मीटर ठीक असताना तो बदलला गेला, तर जुना मीटर काढून नेताना त्याचे शेवटचे रीडिंग नीट नोंदले गेले नाही की 8716 या आकड्याचा पुरावाच नाहीसा होतो. मीटर बदलायला माणसे आलीच, तर जुन्या मीटरचा फोटो घेतल्याशिवाय आणि काढल्याच्या अहवालावर शेवटचे रीडिंग लिहून घेतल्याशिवाय तो उतरवू देऊ नये.

अर्ज

अर्ज मराठीत द्यायला संकोच करू नये. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीचा वापरही त्यात मान्य केलेला आहे. जोडणी आजोबांच्या किंवा दिवंगत सासऱ्यांच्या नावावर असेल, तरी प्रत्यक्ष राहणाऱ्या व्यक्तीने अर्ज करावा आणि आपले नाते लिहावे. विद्युत कायदा 2003 मधील ग्राहक या शब्दाच्या व्याख्येत ज्याच्या जागेला जोडणी आहे अशी व्यक्तीही येते. नाव बदलण्याचा अर्ज वेगळा करावा, या अर्जात मिसळू नये.

काकूंसाठी लिहिलेला अर्ज असा होता:

प्रति,
माननीय सहाय्यक अभियंता,
उपविभागीय वीज कार्यालय.

विषय: एप्रिल ते जुलै 2025 या चार महिन्यांची सरासरी युनिटांवरील बिले रद्द करून प्रत्यक्ष रीडिंगप्रमाणे महिनावार सुधारित बिले मिळण्याबाबत.

ग्राहक खाते क्रमांक: ……  मीटर क्रमांक: ……  पंचायत घर क्रमांक: ……

महोदय,

वरील जोडणी माझ्या दिवंगत पतींच्या नावावर असून त्या घरात मी राहते. मार्च 2025 च्या बिलातील चालू रीडिंग 8412 हे प्रत्यक्ष रीडिंग आहे व ते मला मान्य आहे. त्यानंतरची बिले पुढीलप्रमाणे आली आहेत.

| महिना | मागील रीडिंग | चालू रीडिंग | युनिट | शेरा |
|---|---|---|---|---|
| एप्रिल | 8412 | 8598 | 186 | घर बंद |
| मे | 8598 | 8784 | 186 | घर बंद |
| जून | 8784 | 8970 | 186 | मीटर सदोष |
| जुलै | 8970 | 9156 | 186 | मीटर सदोष |

दिनांक 4 जुलै 2025 रोजी मीटरवर प्रत्यक्ष रीडिंग 8716 होते व दिनांक 19 जुलै 2025 रोजी ते 8752 होते. दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत 36 युनिटांची नोंद झालेली असल्यामुळे मीटर चालू आहे. मार्चपासून 4 जुलैपर्यंतचा माझा प्रत्यक्ष वापर 304 युनिट असून आकारणी 744 युनिटांची झाली आहे. बिलातील रीडिंग मीटरच्या प्रत्यक्ष रीडिंगपेक्षा पुढे गेल्यामुळे यापुढे घेतलेले खरे रीडिंगही मागील रीडिंगपेक्षा कमी ठरेल आणि ही चूक आपोआप दुरुस्त होणार नाही, याकडे मी आपले लक्ष वेधते. एप्रिल व मे या काळात मी काही दिवस परगावी होते. जूनमध्ये रीडरने मीटर पाहिला आहे; त्या भेटीची नोंद कृपया तपासावी.

तरी माझी विनंती आहे की:
1. मीटरचे प्रत्यक्ष रीडिंग जागेवर तपासून नोंदीतील रीडिंग त्याप्रमाणे दुरुस्त करावे.
2. चारही बिले रद्द करून 304 युनिट त्या चार महिन्यांत वाटून, प्रत्येक महिन्याच्या टप्प्यांप्रमाणे सुधारित बिले द्यावीत.
3. भरलेली जादा रक्कम जमा दाखवून तिचा लेखी हिशेब द्यावा व या वादातील रकमेवर लावलेला विलंब आकार काढावा.
4. मीटर सदोष असल्याचा शेरा काढावा. मीटर सदोष आहे असे आपले मत असल्यास तो काढण्यापूर्वी माझ्यासमोर तपासावा व शेवटचे रीडिंग लेखी नोंदवावे.

एप्रिल, मे व जूनची बिले मी भरली आहेत. जुलैच्या बिलाची रक्कम कायद्यानुसार निषेध नोंदवून भरण्यास मी तयार आहे.

सोबत: चार बिलांच्या व मार्चच्या बिलाची प्रत, तीन पावत्यांच्या प्रती, मीटरचे दोन फोटो.

दिनांक 21 जुलै 2025    आपली विश्वासू

या अर्जातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पहिल्या विनंतीत आहे. दुसरी आणि तिसरी विनंती मान्य झाली आणि पहिली राहिली, तर पैसे परत मिळतील, पण ऑगस्टचे बिल 9156 पासूनच सुरू होईल आणि सगळे पुन्हा घडेल. परत परत येणाऱ्या चुकीच्या बहुतेक अर्जांत नेमकी हीच विनंती नसते.

अर्ज दिल्यानंतर

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही व शिक्का घ्यावा. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज पुढच्या कोणत्याही पायरीवर दिलाच नाही असे धरले जाते. पुढचे बिल आल्यावर रकमेआधी मागील रीडिंग पाहावे. ते मीटरच्या खऱ्या आकड्याशी जुळत असेल तर दुरुस्ती मुळात झाली, एरवी फक्त रक्कम बदलली.

केंद्र सरकारच्या 2020 च्या वीजग्राहक हक्क नियमांत या प्रकारासाठी दोन स्पष्ट तरतुदी आहेत. रीडिंग घेता आले नाही आणि ग्राहकाने नोंदणीकृत मोबाइलवरून किंवा ईमेलने रीडिंग व तारीख दाखवणारा फोटो पाठवला, तर तात्पुरते, म्हणजे सरासरीचे, बिल काढायचे नाही. आणि एका आर्थिक वर्षात एका ग्राहकाला दोनपेक्षा अधिक तात्पुरती बिले द्यायची नाहीत. काकूंना एप्रिलपासूनच चार आली होती. सरासरीची बिले दोन बिल-कालावधींच्या पुढे गेल्यास खऱ्या रीडिंगचे बिल येईपर्यंत भरणा नाकारण्याची मुभाही त्या नियमांत आहे, परंतु वृद्ध माणसाला मी ती वापरायला सांगत नाही, कारण थकबाकी वाढत राहते आणि जोडणी तोडण्याची नोटीस येण्याची धास्ती लागते. त्यापेक्षा विद्युत कायद्याचे कलम 56 अधिक सुरक्षित आहे. वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा दर महिन्यासाठी मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. "निषेध नोंदवून" हे शब्द भरण्यासोबतच्या पत्रात लिहावेत आणि त्या पत्राचीही पोच घ्यावी.

कोठे थांबावे

उपविभागाकडून लेखी उत्तर आले नाही किंवा पुढचे बिल पुन्हा सरासरीचेच आले, तर त्याच कार्यालयाला तिसरा-चौथा अर्ज देत बसू नये. हाच अर्ज, पोच आणि नवे बिल जोडून ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. हा मंच विद्युत कायद्याच्या कलम 42 खाली असतो, तेथे वकील लागत नाही आणि वरचा तक्ता तेथे जसाच्या तसा चालतो. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त विद्युत नियामक आयोगाने नेमलेल्या विद्युत लोकपालांकडे जाता येते.

मीटरच्या अचूकतेबद्दल खरोखरच शंका असेल, म्हणजे दोन फोटोंतला वेग घरातल्या उपकरणांशी अजिबात मेळ खात नसेल, तर ती घरी सिद्ध करण्याचा प्रयत्न करू नये. मीटर तपासणीची लेखी मागणी करावी. रीडिंग वापराशी जुळत नसल्याच्या तक्रारीवर तीस दिवसांत मीटर तपासला जावा, असे वरील नियम सांगतात. आणि हातात आलेला कागद बिल नसून कलम 126 खालील अनधिकृत वापराच्या आकारणीचा आदेश असेल, तर हा अर्ज त्याला लागू होत नाही. त्यात हरकत घेण्याच्या आणि अपिलाच्या मुदती कमी असतात, म्हणून त्याच आठवड्यात तो कागद वीजविषयक कामे करणाऱ्या वकिलाला दाखवावा.